एका खणात एकच अर्थ

सेलूच्या मोंढ्याजवळ, बियाण्यांच्या एका दुकानाच्या वरच्या खोलीत माझी जर्मन भाषेची शिकवणी चालते. खोलीत अकरा खुर्च्या, एक कूलर आणि एक फळा आहे. फळ्याच्या उजव्या अर्ध्यावर मी पांढऱ्या ऑइलपेंटने चार खण आखून घेतले होते. गेल्या वर्षी त्यांच्यावर काळा रंग फिरवला. तरी सकाळी खिडकीतून ऊन तिरपे पडले की त्या रेघांच्या कडा उठून दिसतात आणि शिकवता शिकवता माझी नजर तिकडे जाते.

मी मूळचा शाळेत मराठी आणि इंग्रजी शिकवणारा शिक्षक. तरुणपणी औरंगाबादला असताना दोन वर्षे संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जर्मन शिकलो. त्यामागे हौसेखेरीज कारण नव्हते. पुढे पंचवीस वर्षे ती भाषा बोलायला आसपास कुणी भेटले नाही. मग आपल्याकडच्या नर्स मुलींना जर्मनीतल्या रुग्णालयांत मागणी आली. भाषेची परीक्षा दिल्याशिवाय जाता येत नाही असे कळल्यावर कुणीतरी माझे नाव सुचवले. पन्नाशी उलटल्यावर आपली गरज भासू लागणे ही मोठी मोहाची गोष्ट असते. त्या मोहाविषयी पुढे सांगेनच.

पहिल्या तुकडीत पाच मुली होत्या. त्यांतली एक बोरी गावची. आई अंगणवाडीत मदतनीस, वडील लहानपणीच गेलेले. नर्सिंगचा जी.एन.एम. अभ्यासक्रम करून परभणीच्या एका दवाखान्यात तिने तीन वर्षे काम केले होते. ती रोज एसटीने यायची आणि पहिल्या खुर्चीवर बसायची. शंका विचारण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

जर्मन क्रियापदांची एक रीत आहे. मूळ क्रियापदाला पुढून एक छोटासा उपसर्ग जोडला की अर्थ बदलतो. ‘फेर’, ‘बे’, ‘एर’ आणि ‘एन्ट’ हे चार उपसर्ग तर क्रियापदाला कायमचे चिकटलेले असतात. ते वाक्यात सुटे होऊन दुसरीकडे जात नाहीत. अनोळखी क्रियापद समोर आले की उपसर्ग बाजूला काढायचा, मूळ शब्द ओळखायचा आणि दोन्ही मिळून अंदाज बांधायचा, ही युक्ती परीक्षेत फार उपयोगी पडते. मी ती आपल्या उपसर्गांवरून समजावली. योग, वियोग, संयोग, उपयोग. मुलींना ते चटकन कळले.

बोरीची मुलगी म्हणाली, “सर, म्हंजे हे आमच्या एसटीसारखंच हाय की! गाडी तीच, डायवर तोच. फक्त पुढची पाटी बदलली की गाव बदललं.”

सगळ्या हसल्या. मीही हसलो आणि तिचा दृष्टांत पुढच्या प्रत्येक तुकडीला सांगायचे ठरवून टाकले.

त्यानंतर मी फळ्यावर चार खण केले. ‘बे’ म्हणजे क्रिया थेट एखाद्या वस्तूवर जाऊन बसते: ‘आन्टवोर्टेन’ म्हणजे उत्तर देणे, ‘बेआन्टवोर्टेन’ म्हणजे अमुक एका प्रश्नाचे उत्तर देणे. ‘एर’ म्हणजे क्रियेतून काहीतरी हाती लागते, किंवा एखाद्या नव्या अवस्थेत प्रवेश होतो: ‘आर्बाइटेन’ काम करणे, ‘एरआर्बाइटेन’ कष्टाने मिळवणे. ‘एन्ट’ म्हणजे सुटणे, दूर होणे, काढून टाकणे: ‘कोमेन’ येणे, ‘एन्टकोमेन’ निसटणे. आणि ‘फेर’ म्हणजे संपेपर्यंत, शेवटापर्यंत: ‘ब्राउखेन’ लागणे, वापरणे, ‘फेरब्राउखेन’ वापरून संपवणे.

यांतले काहीही खोटे नव्हते. पण ‘फेर’च्या खणात मी एकच अर्थ लिहिला. त्या उपसर्गाला आणखी अर्थ आहेत हे मला ठाऊक होते. क्रिया बिघडते, वाट चुकते, भलतेच होते, हाही त्याचाच अर्थ. ‘लाउफेन’ म्हणजे चालणे, धावणे. तेच ‘फेर’ लावून आणि सोबत ‘झिख’, म्हणजे ‘स्वतःला’ हा शब्द घेऊन आले की चालता चालता रस्ता चुकणे. हे मी तरुणपणी शिकलो होतो. परंतु परीक्षेत एका उताऱ्याला मोजकी मिनिटे मिळतात. एका खणात तीन अर्थ लिहिले तर मुली अडखळतील, म्हणून मी दोन गाळले. निदान स्वतःला मी हेच कारण सांगत होतो.

एके दिवशी बोरीच्या मुलीने हात वर केला.

“सर, ‘श्प्रेखेन’ म्हंजे बोलणं. मंग ‘फेरश्प्रेखेन’ म्हंजे शेवटपर्यंत बोलणं का? मोबाइलवर तर वचन देणं दाखवायलाय. अन् खाली ‘झिख’ लावून बोलताना चुकणं असंबी लिवलंय. मंग खरं कोणतं?”

दोन्ही खरे होते. पण त्या दोहोंचा संबंध मला तिथल्या तिथे नीट मांडता आला नसता, आणि पाच मुलींसमोर “उद्या पाहून सांगतो” म्हणण्याची मला लाज वाटली.

“अपवाद आहे,” मी म्हणालो. “परीक्षेत येत नाही. आणि वर्गात मोबाइल नको. तक्त्यावर विश्वास ठेवा. परीक्षेत शंका घेत बसलात तर वेळ जाईल.”

“लय अपवाद हाईत बाई ह्यांच्यात,” ती शेजारणीला हळूच म्हणाली, आणि तिने वहीत तक्ता उतरवून घेतला. त्यावर लाल शाईने चौकट केली. ती वही पुढे तिच्याबरोबर तिकडे गेली.

ती पहिल्याच खेपेला पास झाली. उताऱ्यात ‘एन्टवेसर्न’ हा शब्द आला होता. तो तिने कधी पाहिला नव्हता. ‘वासर’ म्हणजे पाणी आणि ‘एन्ट’ म्हणजे काढून टाकणे; त्यावरून तिने शरीरातले जादा पाणी काढण्याविषयी मजकूर आहे हे ओळखले. पेरूंची पिशवी घेऊन ती शिकवणीवर आली आणि सर्वांसमोर म्हणाली, “सरांच्या पाटीनं गाडी बरोबर गावाला नेली.” तो दिवस मी पुष्कळ दिवस पुरवून पुरवून आठवला.

ती गेल्यानंतरच्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी होती. सकाळचा वर्ग सुटला होता, मी खिडक्या लावत होतो. पावणेअकराला तिचा फोन आला. तिकडे सकाळचे सव्वासात. या वेळेला तिने कधी फोन केला नव्हता.

“सर, एक विचारायचं होतं,” ती म्हणाली. आवाज इतका सपाट होता की मी खुर्चीवर बसलो. “श्लुकेन म्हंजे गिळणं ना?”

“हो.”

“अन् ‘लाइख्ट’ म्हंजे सहज?”

“हो. का गं?”

मग तिने सांगितले. आदल्या दिवशी दुपारी अर्धांगाचा झटका येऊन गेलेले एक वृद्ध गृहस्थ दुसऱ्या वॉर्डातून तिच्याकडे आले. पलंगाशी लावायची सूचनांची पाटी अजून लागली नव्हती. हातात फक्त सोपवणीचा कागद होता. त्यावर लिहिले होते: ‘फेरश्लुक्ट झिख लाइख्ट’. तिने मनात फोड केली. श्लुकेन म्हणजे गिळणे. ‘फेर’ म्हणजे शेवटापर्यंत. लाइख्ट म्हणजे सहज. ‘झिख’विषयी तक्त्यात काहीच नव्हते. माणूस सगळे सहज गिळतो. म्हातारबाबांनी चहा मागितला आणि तिने साधा, पातळ चहा त्यांच्या ओठांना लावला.

त्या शब्दांचा अर्थ, या माणसाला सहज ठसका लागतो. गिळणे वाट चुकते. जे अन्ननलिकेत जायचे ते श्वासनलिकेत जाते. अशा रुग्णाला पातळ पेय देताच येत नाही.

“काळेनिळे पडले, सर. मोठ्या सिस्टर पळत आल्या. नळी घालून ओढून काढलं. मी डोकं वर करून धरलं. रात्री ताप चढला. डॉक्टर म्हणतेत फुफ्फुसात गेलं आसंल. आज दुपारी हेडसिस्टरनी बोलावलंय. हे कसं झालं ते लिवून द्यायचंय. आपल्या तक्त्यात ‘फेर’ म्हंजे शेवटापर्यंतच हाय ना, सर? माझी वही बरोबर हाय ना?”

खोलीत कूलर चालू होता. समोर फळ्यावर माझ्याच अक्षरात तो खण होता.

“वही बरोबर आहे,” मी म्हणालो.

“मंग?”

“हा शब्द जरा वेगळा आहे. तू घाबरू नकोस. घाईत वाचलं असं लिही.”

आजवर आयुष्यात मी पुष्कळ खोटे बोललो असेन. पण इतक्या हळुवार आवाजात इतके नीच खोटे मी दुसऱ्यांदा बोललेलो नाही. ती “बरं, सर” म्हणाली. फोन बंद झाल्यावर माझ्या लक्षात आले की तिने मला दोष दिलाच नव्हता. ती फक्त मी सावरून धरावे म्हणून विचारत होती.

घरी येऊन मी जुना शब्दकोश काढला. औरंगाबादला घेतलेला, जाडजूड. ‘फेर’ हा उपसर्ग लिहिताना व्ही अक्षराने सुरू होतो. त्या भागातली पाने अजून करकरीत होती. कित्येक वर्षांत मी तिकडे फिरकलो नव्हतो. तो शब्द पाचव्या मिनिटाला सापडला. ‘झिख’ असेल तर काय, नसेल तर काय, हे दोन ओळींत स्पष्ट लिहिले होते. मला भीती वाटू लागली ती तेव्हापासून. फोनवर वाटली होती ती घबराट होती.

दुपारभर मी पडून राहिलो. डोळे मिटले की न पाहिलेला तो वृद्ध दिसे, ओठांना लावलेला कप दिसे. त्यांचे काही बरेवाईट झाले तर? तिला परत पाठवले तर? अन् खरे सांगायचे तर आणखी एक भीती सारखी मध्ये येत होती: हे सेलूत कळले तर? नव्या तुकडीत नऊ मुली होत्या. त्यांची परीक्षा पंधरा दिवसांवर होती. एका माणसाचा श्वास अडकलेला असताना मी माझ्या नावाचा विचार करत होतो. वियोगातला ‘वि’ आणि विज्ञानातला ‘वि’ एकच काम करत नाहीत, हे मी तीस वर्षे शाळेतल्या मुलांना सांगत आलो. तेच परक्या भाषेबद्दल कबूल करायला मला जड गेले, कारण शाळेतली मुले मला टाळ्या देत नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटण्याच्या सुमारास तिची आई आली. बोरीहून पहिल्या गाडीने निघाली होती. जिन्यात चपला काढून ती दाराशी उभी राहिली. मी दोनदा म्हटल्यावर खुर्चीच्या कडेवर बसली.

“सर, पोरगी काल फोनवर हसायली होती,” ती म्हणाली. “उगंच. मी काय इचारलं की हसती. ती तशी हसती तवा तिला रडू आलेलं आसतंय. मला काय सांगंना. तुमाला सांगितलं आसंल.”

मी पाणी दिले. तिने भांडे हातात धरून ठेवले.

“तुमच्यावर तिचा लय भरवसा. सर म्हणले की झालं. घरीबी भिंतीवर तुमचा त्यो तक्ता चिटकवलाय. मला त्यातलं अक्षरबी कळत न्हाई, पर दिवाळीला भिंत सारवली तवा मी त्यो काढून, पुना तितंच लावला.”

त्या वेळी मला बोलावेच लागले. मी तिला सगळे सांगितले. कागदावर काय लिहिले होते, मुलीने काय वाचले, तिला तसे वाचायला कुणी शिकवले, आणि तिने विचारले तेव्हा मी काय उत्तर दिले. वर्गातला प्रसंग आणि कालचा फोन, दोन्ही.

तिने विचारले, “त्यो म्हातारा जित्ता हाय का?”

“काल सकाळपर्यंत होते. ताप आहे.”

“त्येलाबी लेकरंबाळं आसतील.”

“असतील,” मी म्हणालो.

“चूक माझी आहे,” मी पुढे म्हणालो.

तिने भांडे खाली ठेवले. “मंग तिकडं कळवा की, सर. हितं मला सांगून काय उपेग? मी काय तिची हेडसिस्टर हाय का?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. दाराशी जाऊन ती वळली. “माझ्यावर राग धरू नका. पर माजी लेक एकलीच हाय तितं.” आणि ती जिना उतरली.

मी तिथेच बसून पत्र लिहायला घेतले, जर्मनमध्ये. प्रत्येक क्रियापद कोशात पाहिले, अगदी रोजचे असले तरी. एका वाक्याशी फार वेळ गेला. मला लिहायचे होते की या उपसर्गाचे इतर अर्थ मला माहीत असूनही मी ते सांगितले नाहीत. ‘श्वाइगेन’ म्हणजे गप्प राहणे. त्याला ‘फेर’ लावले की अर्थ होतो, माहीत असलेली गोष्ट गप्प राहून लपवणे. ते क्रियापद मी कोशातून उतरवून काढले. माझ्या तक्त्यानुसार त्याचा अर्थ ‘शेवटापर्यंत गप्प राहणे’ असा निघाला असता. तसे करणे मला अजूनही शक्य होते.

पत्र तिला पाठवले आणि फोन केला.

“नका, सर,” ती लगेच म्हणाली. “तुमचं नाव जाईल. मी लिवून दिलंय घाईत वाचलं म्हणून.”

“घाईत वाचलं होतंस का?”

“न्हाई. नीट वाचलं होतं. दोनदा.”

“मग तसं त्यांना सांग. आणि हे पत्र दे. काल मी तुला खोटं सांगितलं. तुझी वही चूक आहे, कारण माझा तक्ता अपुरा होता. तू मला वर्गात विचारलं होतंस.”

“फेरश्प्रेखेनचं?”

“हो.”

“मला वाटायचं, मलाच कळंना झालंय,” ती म्हणाली, आणि मग रडली. मी फोन कानाला धरून उभा राहिलो. दुसरे काही करण्याजोगे नव्हते.

तिने पत्र दिले. पण त्या पत्राने तिची सुटका झाली नाही, हे इथे सांगणे भाग आहे. हेडसिस्टरनी ते शांतपणे वाचले आणि परत केले. तक्ता कुणाचाही असो, शंका आली तर रुग्णाला हात लावण्याआधी विचारायचे, असे त्या म्हणाल्या. तिच्या नोकरीचा देखरेखीखालचा काळ आणखी तीन महिने वाढवला आणि गिळण्याचा त्रास असलेल्या रुग्णांना भरवण्याचे काम तूर्त काढून घेतले. पुढचा निर्णय त्या वृद्धांच्या प्रकृतीवर अवलंबून होता.

“त्यांनी शंका आली तर म्हणलं, सर,” तिने मला सांगितले. “मला शंकाच आली नव्हती.”

हे वाक्य तिने तक्रारीच्या सुरात म्हटले नाही. पण शंका घेऊ नका असे तिला कुणी शिकवले होते, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

त्या आठवड्यात मी नऊ मुलींना घडलेले सर्व सांगितले. एक म्हणाली, “म्हणजे, सर, आमी आतापर्यंत शिकलो ते सगळं पुसायचं का?” दुसरी तिला म्हणाली, “पुसू नको, जागा सोड बाजूला.” मग आम्ही तसेच केले. ‘फेर’च्या खणात तीन अर्थ लिहिले, तरी जागा पुरेना, तेव्हा मी खणच रंगवून टाकले. युक्ती टाकून दिली नाही. उपसर्ग बाजूला काढून अंदाज बांधायचा, आणि तो कोशात पाहीपर्यंत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवायचे. सोबत ‘झिख’ आहे का, हे आधी पाहायचे. दोन मुली शिकवणी सोडून गेल्या. परभणीला एक नवा वर्ग निघाला होता, तिथे चार खणांचा छापील तक्ता फुकट देत असत.

दिवस जात नव्हते. रोज पावणेअकरा वाजले की मी फोन टेबलावर समोर आणून ठेवी. बोरीहून मुलीच्या आईचा दोनदा फोन आला, ती फक्त “म्हातारा?” एवढेच विचारी, आणि मी “अजून तसेच” म्हणे. एकदा मुलीने कळवले की त्यांना ऑक्सिजन लावला आहे. त्यानंतर तीन दिवस काहीच आले नाही. त्या तीन दिवसांत मी त्या अनोळखी माणसाच्या मृत्यूची बातमी मनातल्या मनात इतक्या प्रकारे ऐकली की मला माझ्याच फोनची भीती वाटू लागली.

चौथ्या दिवशी, वर्ग चालू असतानाच, टेबलावर फोन थरथरला. तिचा संदेश. मराठीत नव्हता. जर्मनमध्ये चार शब्द: ‘एर हाट झिख एरहोल्ट’.

एर, म्हणजे तो. हाट झिख. आणि शेवटचा शब्द. ‘होलेन’ म्हणजे आणणे. ‘एर’ म्हणजे क्रियेतून काहीतरी हाती लागणे. हा शब्द मी शेकडो वेळा वाचला होता, शिकवलाही होता. त्याचा अर्थ मला झोपेतून उठवले तरी सांगता आला असता. पण त्या क्षणी मला तो आठवतो आहे की मी तो बांधतो आहे, हे कळेना. मला हवा तोच अर्थ मी त्यात वाचत असलो तर?

“काय झालं, सर?” पहिल्या खुर्चीवरच्या मुलीने विचारले.

“कोश दे,” मी म्हणालो.

तिने तो उचलून माझ्यापुढे ठेवला. मी ई अक्षराची पाने उलटली. सातही मुली पाहत होत्या. मी शब्दाखाली बोट ठेवले, ‘झिख’ आहे की नाही ते पाहिले, ओळ शेवटापर्यंत वाचली, आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली.

बरे होणे. आजारातून उठणे.

मग मी बोरीला फोन लावला.